महिपताच्या हातची धार

उमरठच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. पासष्ट साली तिथं तेवीस उंबरे होते आणि हिंडतेफिरते पुरुष चार. बाकीचे मुंबईला, कोणी गिरणीत तर कोणी गोदीत. त्या चारांतला एक महिपत. तोही ऐन उमेदीत मुंबईला जाऊन आला होता. तिथं असतानाच बायको बाळंतपणात गेली, पोरही राहिलं नाही, आणि गावी क्रियाकर्माला आलेला महिपत परत गेलाच नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "तिकडं कोण वाट बघतंय?" इकडं तरी कोण बघत होतं, हे विचारायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

वाडीच्या टोकाला त्याचं दोन खणांचं घर. शेत थोडं, तेही उतारावरचं. पण त्याच्या हातात एक गुण होता. कसलीही लाथाड म्हैस असो, तो कासेखाली बसला की ती पान्हा चोरत नसे. बनुबाईची बोटं संधिवातानं वाकली तेव्हा तिनं त्याला पहिल्यांदा हाक मारली. मग राहीबाईनं, तिला गुडघे मोडून बसवेना म्हणून. मग आवडीनं, तिचा नवरा मुंबईला आणि मांडीवर तान्हं पोर. मग म्हाताऱ्या कोंडाजीनं, कारण त्याची म्हैस घाटावरून आणलेली, अंगानं थोराड, ती त्याला जुमानत नव्हती. बदल्यात कोणी भाकरी द्यायचं, कोणी पावशेर दूध. पण महिपत भाकरीसाठी जात नव्हता. सकाळ-संध्याकाळ चार गोठ्यांत कोणीतरी "आलास का रे महिपता" म्हणायचं, एवढ्यासाठी जायचा. त्यापलीकडं दिवसभरात त्याच्याशी कोणी बोलायचं कारण नव्हतं.

वाडीचं दूध एका कॅनमध्ये गोळा होऊन पोलादपूरच्या रस्त्यावर जायचं आणि तिथून ट्रकनं महाडच्या डेअरीत. डेअरी त्याचा चक्का आणि लोणी करून मुंबईला धाडायची. दिवाळी झाली आणि कॅनबरोबर परत येणाऱ्या चिठ्ठीवर "दर्जा दुसरा" असं लिहून आलं. पंधरा दिवसांनी "दर्जा तिसरा." दुसऱ्या दर्जाला भाव कमी, तिसऱ्याला त्याहून कमी, आणि त्याच्याखाली गेलं की दूध परत.

वाडीत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी पाणी घालतंय. कोणी बनुबाईचं नाव घेतलं, कारण तिच्या म्हशीचं दूध अलीकडं पातळ वाटायचं. बनुबाई दोन दिवस पाणवठ्यावर आलीच नाही. महिपत तिच्या गोठ्यात गेला तेव्हा ती म्हणाली, "तू रोज समोर बसतोस. मी घालतंय का रे पाणी?"

"नाय गो बनुबाय. मी सांगेन लोकांना."

पण त्याला विचारायला कोणी आलं नाही.

चौथ्या आठवड्यात डेअरीचा माणूस स्वतः वाडीवर आला. मुरारी त्याचं नाव. महाडचा, शिकलेला, बोलायला हळू. त्यानं आल्या आल्या सांगितलं, "दुधात पाणी नाही. ते आम्ही आधीच पाहिलं. दुधात पेशी जास्त आहेत."

हा शब्द कोणाच्या कानावरून गेलेला नव्हता. मुरारी आवडीच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "प्रत्येक जनावराच्या दुधात शरीरातल्या थोड्या पेशी येतातच, त्यात काही वाईट नाही. पण सडातून कासेत रोगजंतू शिरले की त्यांच्याशी झगडायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतात. एखाद्या घराला आग लागली की सगळा गाव घागरी घेऊन पळतो ना, तसं. गर्दी दिसली की समजायचं, आत काहीतरी पेटलंय."

"पण आमची जनावरं धड हायत," कोंडाजी म्हणाला. "कास सुजली नाय, गाठी नाय."

"हा आजार पुष्कळदा बाहेरून दिसतच नाही. म्हणून तर पेशी मोजायच्या."

"आणि दूध तापवलं तर?" आवडीनं विचारलं.

"जंतू मरतील. पण आजारी कास दूधच निराळं देते. चक्का ज्याच्यावर बसतो तो अंश कमी होतो, खारटपणा वाढतो. असल्या दुधाचा चक्का ढिला होतो, निम्मा निवळीतून वाहून जातो. लोणी लवकर खवट होतं. डेअरी भाव कापते ती चिडून नाही. तेवढ्याच दुधात माल कमी निघतो, आणि टिकत नाही. शिवाय एका आजारी म्हशीचं दूध कॅनमध्ये पडलं की सगळ्या वाडीची मोजणी वर जाते."

संध्याकाळी धारेच्या वेळी तो गोठ्यागोठ्यात हिंडला. काळ्या पाटीवर काच ठेवायची, चार सडांच्या दुधाचे थेंब काचेवर वेगवेगळे टाकायचे, प्रत्येकात कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा थेंब घालून काडीनं ढवळायचं. चांगलं दूध होतं तसंच राहायचं. वाईट दूध बघता बघता फाटल्यासारखं व्हायचं, त्यात पांढरे कण धरायचे आणि काडी उचलली की चिकट तार यायची.

ज्या बाया आपली जनावरं आपण पिळायच्या त्यांच्याकडं काही सापडलं नाही. एका गाईच्या चारही सडांत थोडासा दाटपणा आला, पण मुरारी म्हणाला, "ही आटत आलीय. आटताना आणि व्याल्यावर पहिले काही दिवस असं दिसतं. हा आजार नव्हे." मग तो महिपताच्या मागोमाग निघाला. राहीबाईची म्हैस चांगली. बनुबाईच्या म्हशीच्या दोन सडांच्या दुधाला तार धरली. आवडीची म्हैस, एक सड. कोंडाजीची, दोन.

मुरारी महिपताच्या मागंच उभा होता. तो नुसता बघत होता. महिपत बनुबाईच्या गोठ्यातून उठला, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले, त्याच पंच्यानं आवडीच्या म्हशीची कास पुसली, पहिल्या धारेत बोटं भिजवली आणि अंगठा मुडपून सड ओढायला लागला. तीस वर्षं तो असंच करत आला होता. त्याच्या बापानंही असंच केलं होतं.

काळोख पडायच्या आत मुरारी परत निघाला. महिपत त्याला पायवाटेपर्यंत सोडायला गेला. ओढ्याशी आल्यावर मुरारी थांबला.

"महिपतराव, तुम्ही हात कधी धुता?"

"निघायच्या आधी. झऱ्यावर."

"मध्ये?"

महिपतानं खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. त्याला समजलं होतं.

"राहीबाईंकडं तुम्ही पहिले जाता," मुरारी म्हणाला. "त्यांची म्हैस बरी आहे. बनुबाईंची पावसाळ्यापासून आजारी असावी, ओल्या शेणात बसून. तिच्यानंतर तुम्ही जिथं जिथं गेलात तिथं आजार गेला. हातानं, पंच्यानं. दुधात बोटं भिजवली की जंतूंना वाटच मिळते. आणि अंगठ्याच्या सांध्यानं सडाला आतून इजा होते." तो जरा थांबला. "मी वर वाडीत कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर बरं."

महिपत त्या रात्री जेवला नाही. चूल पेटवून तिच्यासमोर बसला आणि हात उलटेपालटे करून बघत राहिला. लोकांनी दारू प्यायली, चोऱ्या केल्या, त्यांची बदनामी झाली. त्यानं तर यातलं काही केलं नव्हतं.

सकाळी तो चारही घरी गेला, पण चरवी हातात न घेता. उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं, "दूध माझ्या हातानं बिघडलं. बनुबायवर कोणी शंका घेऊ नका."

कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. आवडी पोराला कडेवर सावरत म्हणाली, "तुम्ही काय मुद्दाम केलं काय, काका?" आणि मग खाली बघून, "मी बघतंय आता माझं मी. शिकायलाच हवं कधीतरी." कोंडाजीनं पोलादपूरच्या भाच्याला बोलावून घेतलं. राहीबाई म्हणाली, चार दिवस थांब, आणि तिची नि बनुबाईची म्हैस तेवढे दिवस शेजारणींनी पिळली. त्या दिवशी संध्याकाळी गोठ्यांतून धुराचा वास येऊ लागला आणि महिपत घराच्या पायरीवर बसून राहिला. त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

तीन दिवसांनी तो दुधाच्या ट्रकवर बसून महाडला गेला आणि डेअरीत मुरारीसमोर उभा राहिला. "मला बघायचंय," म्हणाला.

मुरारीनं त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर दुधाचा थेंब पसरून वाळवलेला, निळ्या रंगानं रंगवलेला. महिपतानं डोळा लावला. आधी काहीच दिसेना, मग निळे ठिपके दिसले. ठिपक्याला ठिपका खेटून, मोजता येणार नाहीत इतके.

"हे बनुबाईंच्या म्हशीचं," मुरारी म्हणाला. त्यानं काच बदलली. "हे राहीबाईंचं."

इथं दोनचार ठिपके होते, एकमेकांपासून लांब लांब. डोंगरावरून रात्री बघितल्यावर घरांचे दिवे दिसावेत तसे. महिपत बराच वेळ बघत राहिला. मुरारीनं घाई केली नाही. मग त्यानं जंतू मारणाऱ्या जांभळ्या पोटॅशची एक पुडी दिली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. प्रत्येक जनावरासाठी वेगळं फडकं, उकळून वाळवलेलं. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढून गुठळ्या बघायच्या. हात पोटॅशच्या पाण्यात धुऊन कोरडे करायचे. मुठीनं पिळायचं, अंगठा मुडपायचा नाही. कास पूर्ण रिकामी करायची. आणि आजारी जनावर नेहमी शेवटी.

महाडच्या जनावरांच्या डॉक्टरनं बनुबाईच्या म्हशीला आणि बाकी दोघींना सडातून पेनिसिलिन दिलं. तेवढे दिवस आणि वर आणखी तीन दिवस त्यांचं दूध कॅनमध्ये टाकायचं नाही असं ठरलं. बनुबाईची बोटं धार काढायच्या कामाची नव्हतीच, म्हणून महिपताला पुन्हा बोलावणं आलं. तो आला तेव्हा तिनं दारातच गरम पाण्याचं घंगाळ ठेवलं होतं. त्यानं खूप वेळ हात धुतले. ती म्हणाली, "पुरे रे. कातडी जाईल."

बनुबाईच्या म्हशीचा एक सड बरा झाला. दुसरा शेवटपर्यंत सुधारला नाही, मग तो पिळणंच बंद केलं आणि तो आटून गेला. फाल्गुनात चिठ्ठीवर पुन्हा "दर्जा पहिला" आला. वाडीला बरं वाटलं. ज्या बायांनी कुजबुज केली होती त्यांनी बनुबाईकडं ओटीभर तांदूळ पाठवले.

राहीबाईनंही महिपताला परत ठेवून घेतलं. आता तो आधी तिच्याकडं, मग बनुबाईकडं जायचा. आवडीला धार काढणं जमलं होतं, कोंडाजीचा भाचा राहिलाच, म्हणून त्या दोन दारी जाणं नव्हतं. कोणाच्या मनात राग नव्हता. गरज तेवढी नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी तो आवडीच्या गोठ्यावरून चालला होता. आतून चरवीत धारेचा आवाज येत होता, एक जोरात, एक बारीक, मध्येच थांबणारा. नवख्या हातचा. तो थांबून ऐकत राहिला.

"कोण हाय?" आतून आवडीनं विचारलं.

"मी. चाललोय."

"बरं काका."

धार पुन्हा सुरू झाली. महिपत पायवाटेला लागला.