चाचांची पाचवी आयत

आमच्या शेजारच्या चाचांइतका हद्दीच्या बाबतीत चिकट माणूस अख्ख्या नेवाशात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांची दुसऱ्या मिनिटाला भांडणं लागतील. मोजणी खात्यात जन्म काढलेला माणूस. रिटायर झाले तरी डोळ्यांतली मोजणीची साखळी काही निघाली नाही. आमच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा त्यांच्या अंगणात बोटभर येतो, हे ते दर दिवाळीला फराळाचं ताट हातात घेऊनच सांगतात. "येऊ द्या हो, आमचीच तुळस हाय ती. पर येतोय, एवढं ध्यानात असू द्या." वर चकली मोडतात. एकदा मशिदीत सफेच्या, म्हणजे नमाजाच्या रांगांच्या, चुन्याच्या रेघा मारणाऱ्याला त्यांनी असा पिडला, की तो बिचारा डबा ठेवून घरी गेला आणि चाचांनी स्वतः वाकून रेघा मारल्या. त्या मात्र सरळ आल्या, खोटं कशाला बोलू!

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीचं, शबानाचं लग्न ठरलं ते थेट कोकणात. व्याही आखातात नोकरी करून आलेले, तोलून बोलणारे गृहस्थ. मुलगा गोड, पण दोन धंदे बुडवून तिसऱ्यावर होता, आणि हा विषय त्या घरात कुणी काढत नसे. व्याह्यांचा फोन आला, "कार्डावर सूरह फातिहाची पाचवी आयत घाला, मराठी अर्थासकट." म्हणजे कुराणाच्या पहिल्या अध्यायातली पाचवी ओळ. छपाईचं दुकान माझं. चाचांनी आपलं घरातलं जुनं कुराण उघडलं, अर्थ सांगितला, मी छापला: 'आम्हाला सरळ मार्ग दाखव.'

कार्डं कोकणात पोचली आणि वणवा पेटला. व्याही म्हणाले, "आमचा मुलगा वाकड्या वाटेनं चाललाय, असंच ना? मी मागितलेली आयत 'आम्ही तुझीच भक्ती करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो' ही होती. तुम्ही मुद्दाम बदललीत. लग्नाचा विचार करावा लागेल." शबाना आतल्या खोलीत जाऊन बसली ती जेवायलाही येईना. चाचांचं तोंड पांढरंफटक पडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सदऱ्याची बटणं चुकीची लावून बसलेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माझ्या गाडीतून व्याह्यांच्या घरी, महाडला. चाचांच्या मांडीवर कपड्यात बांधलेलं कुराण. व्याह्यांनी पाणी दिलं, चहा दिला नाही. चाचांनी हात धुतले आणि त्यांच्याकडची आखातातून आणलेली प्रत मागून दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या.

"बघा साहेब. तुमच्या प्रतीत सुरुवातीच्या बिस्मिल्लाच्या ओळीवरच एक नंबर हाय. आमच्या प्रतीत बिस्मिल्ला वर हाय, पर बिननंबराची. एक नंबर लागतो तिच्या खालच्या 'अल्हम्दु'च्या ओळीला. म्हंजे पुढचं समदं एकेक घर सरकलं. तुमची पाचवी ती आमची चौथी, आमची पाचवी ती तुमची सहावी."

व्याही चष्मा लावत म्हणाले, "मग तुमच्या सहाच भरायला हव्यात."

"न्हाई ना! शेवटची लांब आयत तुमच्यात अखंड हाय. आमच्यात 'ज्यांच्यावर तू कृपा केलीस' इथं एक खूण मारून तिच्या दोन केल्यात. सहा अन् सात. कुराणच सात म्हणतं, तर सातच भरणार."

"पण बिस्मिल्ला आयत नाही, असं कसं?"

"आयत न्हाई असं कोण म्हणतंय? सत्ताविसाव्या सूरहच्या मधे तर ती आयतीच्या पोटातच हाय. वाद हाय तो सूरहच्या तोंडाशी. आयती मोजणारे जुने मोजणीदार हुते, त्यातले कूफ्याचे अन् मक्क्याचे फातिहात तिला पहिली धरत. मदिना, बसरा अन् शाम म्हंजे सीरियावाले धरत न्हाईत. बाकीच्या सूरहवर तुमच्याही प्रतीत ती बिननंबराचीच हाय, नववीवर तर लिहीतच न्हाईत. शब्द एकही हलला न्हाई, साहेब. हद्दीचे दगड तेवढे सरकलेत."

व्याह्यांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. मग आतल्या बाजूला बघून ओरडले, "अगं, चहा टाक! आणि पाव आण." नवरदेव दाराआडून हसला, तसा बापाने त्याच्याकडे डोळे वटारले. आम्ही निघताना व्याही म्हणाले, "तुमची पाचवीच राहू द्या. याला गरजच आहे तिची."

लग्न थाटात झालं. जेवणावळीत चाचांनी कोकणी बिर्याणीला नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतली.

परवा संध्याकाळी आमच्या ओट्यावर चाचा आणि मी दोघंच बसलो होतो. मी सहज म्हटलं, "चाचा, एवढं सगळं तुम्हाला ठाऊक होतं, मग आधीच व्याह्यांना का नाही विचारलंत, कुठल्या प्रतीतली पाचवी म्हणून?"

चाचा आमच्या तुळशीच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "ठाऊक हुतं की रे. फोन ठेवला तवाच ध्यानात आलं हुतं. म्हटलं, कार्ड चुकंल, परत छापायला लागंल, तारीख थोडी पुढं जाईल. पोरगी तेवढेच दिस घरात ऱ्हाईल." मग हळूच म्हणाले, "ती जेवायची थांबली तवा मात्र लई भ्यालो."

आतून माझ्या बायकोनं चहासाठी हाक मारली, पण ते उठले नाहीत. मीही उठलो नाही.