कार्डाची दोन बटणं

चार महिन्यांत शहाबानोच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या बाया कुजबुजायच्या, ही बाई आहे की दगड. बायांचं काय जातंय बोलायला. ती दगड नव्हती, बधिर झाली होती.

नवरा हसन मस्कतला कामावर असतानाच गेला आणि तिथेच दफन झाला. आता घरी येणार होतं ते त्याच्या सामानाचं एक खोकं. हसनच्या खोलीतल्या सोबत्याने ते तिथल्या कार्गोवाल्यांकडे दिलं होतं आणि त्यांनी पैसे भरायची लिंक पाठवली होती. आज भरले नाहीत तर खोकं टाकून देऊ, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

सकाळपासून तिने पुन्हा पुन्हा कार्डाचा नंबर टाकला. दरवेळी व्यवहार नाकारला गेला. खात्यात पैसे तर भरपूर होते.

“भाभी, मय्यत झाली की बँक खातं गोठवते,” दीर जिब्रान म्हणाला. त्याला न विचारताही सगळं कळतं. “भाईच्या मौतीचा दाखला घेऊन जा.”

इद्दत, नवऱ्यामागे घरात राहायचे चार महिने दहा दिवस, नुकतीच संपली होती. दाखला पर्समध्ये घालून ती रिक्षाने बँकेत गेली. वाटेत तिला कशाचंच काही वाटलं नाही. खोक्यात असून असून काय असणार, चार शर्ट आणि चष्मा. पण तेवढंच तिला हवं होतं.

काउंटरवरच्या अंकिताने दाखला वाचला आणि हलकेच परत दिला.

“याची गरज नाही, ताई. खातं तुमच्या नावावर आहे, कार्डही चालू आहे. फक्त ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची बटणं बंद आहेत. बँकेने नाही, तुमच्याच ॲपमधून केलीत.”

शहाबानोला आठवलं. शेजारच्या शबनमला कुणीतरी फोनवर गंडवलं, त्याच आठवड्यात हसनने तिच्या सासूच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला होता.

“दोन्ही बंद कर. दुकानात, एटीएमला चालेल कार्ड. केलंस? दाखव.”

तिने आपला फोन त्याच्यासमोर धरला होता. चष्मा कपाळावर चढवून त्याने डोळे बारीक केले होते. पुढे दर जुम्म्याला तेच. बंद आहे ना? दाखव. ती वैतागायची, तरी दाखवायची.

अंकिताने सांगितलं तसं तिने ॲपमध्ये पिन टाकून दोन्ही बटणं चालू केली. परत लिंक उघडली, कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला. पैसे गेले. खोकं येणार होतं.

“आता परत बंद करून टाका,” अंकिता म्हणाली. “तेच बरं.”

शहाबानोने दोन्ही बटणं बंद केली. मग फोन उलटा फिरवला आणि स्क्रीन बाहेर करून, हात लांब करून तोंडासमोर धरला.

“हो ताई, झालं बंद,” अंकिता म्हणाली. तिला वाटलं, आपल्यालाच दाखवताहेत.

शहाबानोचा हात काही केल्या खाली येईना.