लायटरच्या भोकातली दक्षिणा

१७ मे १९८४, गुरुवार. काम एकच होतं: गाडीतलं सिगरेट पेटवायचं सॉकेट चालू करून आणायचं, तेही आजच्या आज.

आमच्या घरात सिगरेट कोणी ओढत नाही. फियाट आम्ही जुनी घेतली होती, आणि डॅशबोर्डखालचं ते लायटर आधीच्या मालकाने हौसेने बसवून घेतलेलं होतं. लायटर केव्हाच हरवलं. उरलं ते अंगठा जाईल एवढं भोक. त्याच्याकडे बघायची गरज मला सहा वर्षांत पडली नव्हती.

गरज पडली ती सासूबाईंमुळे. एप्रिलच्या सुरुवातीला काटोलच्या घरी त्या न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना नागपूरच्या दवाखान्यात आणलं. ऑपरेशन झालं. तेव्हापासून रोज दोन डबे, दोन खेपा. पुढे माझ्या शाळेला सुट्ट्या लागल्या म्हणून जमलं, एवढंच. पायांना सूज यायची, ती रात्री उतरायची आणि सकाळी चपला घातल्या की पुन्हा यायची. मधे एकदा हाडाचा फोटो काढायला त्यांना गाडीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागलं. भर दुपार, काचा खाली, आणि आत येणारी हवा चुलीच्या तोंडाची. परत येताना त्यांचे डोळे फिरले. दवाखान्याच्या दारात मिठाचं पाणी पाजलं, ओली चादर गुंडाळली, तेव्हा कुठे त्या शुद्धीवर आल्या.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं: घरी न्या. जेवण अर्ध्यावर आणलं. डॉक्टरांनी शुक्रवारी सोडतो म्हणून सांगितलं, पण कागद त्यांच्या फेरीनंतर, म्हणजे अकराच्या पुढे. साठ किलोमीटर, मे महिना. डॉक्टरांनीच अट घातली. काचा वर, खिडक्यांना ओली कापडं, आणि आत हवा हलती पाहिजे. नाहीतर पाऊस पडेपर्यंत इथेच ठेवा.

काटोलहून धाकटे दीर आले होते. संत्र्याची बाग तेच बघतात. त्यांचं मत पक्कं होतं.

"वहिनी, मृग लागू द्या. माय गाडीत गेली तर लोक मलेच विचारतीन, काहून आणली एवढ्या उन्हात."

"आणि त्या दवाखान्यात न जेवता गेल्या तर कोणाला विचारतील?"

त्यांनी ऐकलं नाही. शेवटी ठरलं की गाडीत पंखा चालला तर उद्या न्यायचं, नाहीतर नाही. शाळेतल्या एका बाईंचे यजमान जीपने दौरे करतात. त्यांचा बारा व्होल्टचा टीचभर पंखा मी मागून आणला. लायटरच्या भोकात प्लग घातला. पंखा ढिम्म.

मी आठवीला विज्ञान शिकवते. बल्ब, बॅटरी आणि तार फळ्यावर काढून काढून माझ्या बोटांना खडू लागलेला असतो. म्हणून पहिलं काम मी घरीच केलं. बॉनेट उघडून पंख्याच्या प्लगला दोन तारा लावल्या आणि त्या बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. पंखा भरकन फिरला. म्हणजे पंखा चांगला, बॅटरी चांगली, दोष मधे कुठेतरी. तिथे माझं शिक्षण संपलं.

साडेतीनला आम्ही सक्करदऱ्याच्या बाजूला, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. टिनाचं शेड आणि पुढे कडुलिंब. मिस्त्री पन्नाशीचे, कानाला टेस्टचा बल्ब टांगलेला, बिडी विझलेली. दीर त्यांच्याजवळ उभे राहिले, मी गाडीच्या दारात बसून घेतलं. उभं राहायचं त्राण नव्हतं.

मिस्त्री स्टिअरिंगखाली आडवे झाले आणि तारा चाचपत गेले. "ताई, हे कंपनीचं काम नाही. कोणीतरी वेगळी वायर टाकली आहे. फ्यूज पण वेगळा." त्यांनी एक काळी डबी पिळून उघडली आणि आतली काचेची नळी माझ्या हातात दिली. नळीतली तार गायब होती, काच आतून काळी झाली होती.

"गेला ना," दीर म्हणाले. "टाका दुसरा, झालं."

मिस्त्रींनी दहा अँपिअरचा नवा घातला. डबी बंद करताच आत एक निळसर चमक झाली. पुन्हा उघडली. नवी नळीही काळी.

"असा कसा गेला गा? पंखा तर अजून लावलाच नाही," दिरांनी विचारलं.

"म्हणूनच तर," मिस्त्री म्हणाले. "काही न लावता फ्यूज जातो, म्हणजे करंट मधल्या मधे बॉडीला भिडतो आहे."

दिरांनी खिशातून पान-तंबाखूची पुडी काढली, तिची चंदेरी पन्नी सोलली आणि पुढे धरली. "हे गुंडाळा त्या नळीले. आमच्या ट्रॅक्टरले मी हेच करतो. कधी गेलं नाही."

"गेलं नाही, कारण ते जातच नाही," मिस्त्री म्हणाले. "फ्यूज जळायले हवा, पाटील. तो नाही जळला तर वायर जळते. पेट्रोलची गाडी आहे, आणि तुमची माय मागं झोपून राहीन."

"मग बॅटरीवरून सरळ वायर ओढा."

"तिले पण फ्यूज पाहिजेच. बॉनेटखाली वायर दबली की तोच खेळ."

दीर माझ्याकडे वळले. "म्हणजे आज होत नाही, वहिनी. मी मायले जाऊन सांगतो." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांना आई नको होती असं नाही. ती आपल्या हातून जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते कळत होतं आणि तरी त्या क्षणी त्यांचा राग आला. दवाखान्यात सासूबाई सकाळपासून केस विंचरून, पिशवी बांधून बसल्या होत्या.

"भोकात बघा," मी मिस्त्रींना म्हटलं. "वायर शोधायच्या आधी भोकात बघा."

त्यांनी फ्यूज काढलेलाच ठेवला आणि एक लाकडी काडी घेऊन टॉर्चचा उजेड आत सोडला.

"ताई, इथं तुम्ही काय करता?"

"काय करणार? काही नाही."

"इथं देऊळ आहे."

काडीने ते उकरू लागले. आधी राख पडली, करडी, बारीक. मग उदबत्तीच्या जळक्या काड्यांचे तुकडे, लाल, पाच-सहा. माझ्या लक्षात आलं. डॅशबोर्डवर देवाची तसबीर आहे आणि आमचे हे रोज निघताना तिला उदबत्ती लावतात. लावतात कुठे, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्या वेळी फाटक लावत असते.

"रेडीमेड स्टँड," दीर म्हणाले. पहिल्यांदा हसले.

शेवटी लांब नाकाच्या पकडीत चार आण्याचं नाणं आलं. तिरपं अडकलं होतं. एक कड तळाच्या मधल्या टिकलीला, दुसरी बाजूच्या पत्र्याला. मिस्त्रींनी ते दोघांना दाखवलं. "मधली टिकली म्हणजे बॅटरीचा प्लस. बाजूचा पत्रा म्हणजे बॉडी. यानं दोघांची सोयरीक लावली."

तिसरा फ्यूज घातला. चमक झाली नाही. प्लग लावला. पंखा फिरला नाही.

माझी पाठ दुखत होती आणि घड्याळात पाच वाजत आले होते. मिस्त्रींनी कानावरचा बल्ब काढला, एक तार दाराच्या स्क्रूला धरली, दुसरी आधी फ्यूजच्या डबीला टेकवली. दोन्ही टोकांना बल्ब लागला. मग तीच तार भोकाच्या तळाशी टेकवली. अंधार. जोर देऊन घासली तेव्हा बल्ब लाल झाला आणि पुन्हा विझला.

"करंट तळापर्यंत येतो आहे. वर राख आणि उदबत्तीचा चिकटा बसला आहे, तो येऊ देत नाही."

फ्यूज पुन्हा बाहेर. काडीच्या टोकाला सँडपेपर गुंडाळून त्यांनी तळाची टिकली घासली, मग बाजूचा पत्रा, मग पुन्हा टिकली. कापडाला पेट्रोलचा ओलावा लावून पुसलं, आणि वास जाईपर्यंत आम्हाला थांबवलं. टिकली दबून आत बसली होती, ती आकड्याने केसभर वर उचलली. फ्यूज घातला. बल्ब पांढराशुभ्र लागला. प्लग लावल्यावर पंखा असा सुरू झाला की सीटवर ठेवलेली पन्नी उडून दिरांच्या पायाशी पडली.

"एक ध्यानात ठेवा, ताई," मिस्त्री म्हणाले. "प्लग ढिला बसला की गरम होतो. रस्त्यात हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर काढून टाका."

दवाखान्यात गेलो. दिरांनी नाणं आईसमोर धरलं. "माय, गाडीच्या भोकात पैसे कोणी टाकले वं?"

"म्या टाकले," सासूबाई म्हणाल्या. "गाडी घेतली तेव्हा. त्यात उदबत्ती लावून राहिला होता तुझा भाऊ. म्हटलं, इथं देव हाय, तर दक्षिणा नको?"

"त्या दक्षिणेनं तुझं जाणं राहून जात होतं."

"राहिलं का?"

"नाही."

"मग बोलून काहून राहिला? डबा उघड."

त्या दिवशी त्या दीड पोळी जेवल्या. मी घरी येऊन यांना उदबत्ती खोचायला पितळेची छोटी घोडी काढून दिली आणि लायटरच्या भोकाला रबराचं बूच लावायचं, असं सांगितलं. ते बरं म्हणाले. वाद घालायची ताकद दोघांतही नव्हती.

शुक्रवारी सकाळी सहाला मी गाडीत बसून पंखा अर्धा तास चालवून पाहिला, इंजिन सुरू ठेवून. मग चार जुने पंचे भिजवून बादलीत घातले आणि दवाखान्यात गेले. कागद मिळायला पावणेबारा झाले. सासूबाईंना मागच्या सीटवर आडवं केलं, दीर पायाशी बसले, हे पुढे पंखा मागे वळवून धरून. गाडी मी चालवली. कळमेश्वरला एका झाडाखाली थांबून पंचे पुन्हा ओले केले आणि प्लगला हात लावला. कोमट होता. मागे वळून पाहिलं, तर सासूबाई झोपल्या होत्या आणि दीर दोन बोटं त्यांच्या नाकासमोर धरून बसले होते. त्यांनी होकाराची मान हलवली. मी गाडी काटोलच्या रस्त्याला घातली.