आईच्या पगाराचा रकाना

सुपेल्यातलं आमचं दुकान विकायचं ठरलं तेव्हा किंमत काढायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं. मी दुर्गला एका सीएकडे नोकरीला. दिवसभर लोकांच्या हिशोबातल्या चुका काढते, त्यामुळे घरी मला जरा जास्तच मान होता. दुकान शाळेच्या गणवेशांचं. बाबांनी स्टील प्लांटमधून लवकर निवृत्ती घेऊन ते टाकलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

घाई होती ती बाबांच्या गुडघ्यांमुळे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बाबांना जिना चढवत नव्हता. मरोद्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्या पसंत पडल्या होत्या. पन्नास हजार बयाणा देऊन झाला होता, उरलेले तेरा लाख दुकानातून यायचे होते.

मी दोन रविवार दुकानात बसून माल मोजला. किंमत खरेदीच्या भावानं धरली. मरून रंगाच्या स्कर्टांचे गठ्ठे बाबांनी यादीत पुऱ्या भावानं लिहिले होते.

"या स्कर्टांच्या शाळेनं रंग बदलून तीन वर्षं झाली, बाबा."

"कपडा तर चांगला हाये ना," बाबा म्हणाले.

मी ते चिंध्यांच्या भावानं धरले आणि माल चार लाख ऐंशी हजारांवर आणला. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. काउंटर, रॅक, इन्व्हर्टर, शिलाई मशीन हे सगळं आज जुन्या बाजारात जे येईल त्या भावानं, सत्तर हजार. जागेच्या मालकाकडे ठेवलेली अनामत पन्नास हजार. भाडेकराराची चार वर्षं बाकी होती आणि घेणाऱ्याला त्याच भाड्यानं जागा देतो असं मालकानं लिहून दिलं होतं. हे नसतं तर गुडविल मागायला तोंडच नव्हतं. जागाच सुटणार असेल तर ओळखीच्या गिऱ्हाइकाचे पैसे कोण देणार?

मग नफा. जूनमध्ये पैसाच पैसा आणि फेब्रुवारीत माश्या मारायच्या, म्हणून मी तीन वर्षांची सरासरी काढली. महिना बेचाळीस हजार. बाजारात अशा दुकानाला दीड वर्षाचा नफा गुडविल म्हणून देतात. ते झाले सात लाख छप्पन्न हजार. एकूण साडेतेरा लाखांच्या वर. बाबांनी आकडा दोनदा वाचला आणि चक्क हसले.

घेणारा जामुलचा व्यापारी, मूळ वर्ध्याकडचा. आमच्याच काउंटरवर बसून त्यानं माझा कागद वाचला. माल, सामान, अनामत, सगळं मान्य. नफ्याच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं.

"ताई, पगाराचा रकाना रिकामा कावून?"

"नोकर नाहीत. आई-बाबाच बघतात."

"बरोबर. पण उद्या मी दुकान घेतो, तं काउंटरवर माणूस ठेवन. चौदा हजार. आन् काकू जे करतात, गिऱ्हाईक उभं असताना पँटची उंची कमी करून देनं, त्याले बारा हजाराच्या खाली कोनी भेटत नाही. मंग माह्यासाठी नफा किती राहिला?"

सोळा हजार. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. त्याचे अठरा महिने, दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. एकूण आठ लाख अठ्ठ्याऐंशी. हीच चूक दुसऱ्या कुणाच्या कागदात असती तर मी ती पहिल्या पाच मिनिटांत पकडली असती.

"घरच्या मानसाले कोनी पगार देते का?" बाबा चिडले.

आई मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "ते बरोबर बोलून राहिले. मलेच कोनी धरलं नाही."

आम्ही आणखी दोघा-तिघांना विचारलं. त्यांनी याहून कमीच सांगितलं. शेवटी दुकान आठ लाख नव्वद हजारांना गेलं. मरोद्याच्या खोल्या दुसऱ्यांनी घेतल्या आणि आमचा बयाणा बुडाला. त्या माणसाचा मला राग येत नाही. राग येतो तो माझाच. बाबांच्या मरून स्कर्टांवर मी तावातावानं काट मारली होती, पण मशीनवर बसलेली आई मला दिसली नव्हती.

सौदा झाल्यावर व्यापाऱ्यानं आईलाच विचारलं, "काकू, मशीनवर तुमीच राहता का?" आई राहिली. बाबा आता आठवड्यातून एकदा, तेही मी हात धरला तरच, खाली उतरतात. बाकी दिवस खिडकीशी.

पहिल्या महिन्याच्या पगाराचं पाकीट आईनं त्यांच्या हातात दिलं. बाबांनी नोटा मोजल्या.

"बारा हजार? एवढे देते तो तुले?"

"तुमच्या दुकानाच्या नफ्यातून कापले होते ना," आई म्हणाली, "तेच."