शोभाबाईंचं अर्धं ताट

माझ्या मोठ्या जाऊबाई, शोभाबाई, खोटं बोलत नाहीत. वडनेरात कोणालाही विचारा. दुकानात भासरे, म्हणजे माझे थोरले दीर रूपरावजी, वजनाला जरा हात जड ठेवतात असं म्हणणारे भेटतील, पण बाईंच्या शब्दाला खोट काढणारा भेटायचा नाही. म्हणून तर त्या चार महिन्यांत मला त्यांचा जास्त राग येत होता. साखर वाढतेय, डोळा जातोय आणि या शपथेवर सांगतात, मी वेगळं काही खाल्लंच नाही!

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. तांदळातला खडा दिसेना, म्हणून निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं. सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर दोनशेच्या आत येऊ द्या, मग ऑपरेशन. आणि जाता जाता एक वाक्य बोलले, त्यानं माझी झोप उडाली. मोतीबिंदू इतका दाट आहे की डोळ्याचा मागचा पडदा नीट दिसत नाही. साखरेनं त्याला काय केलंय ते मोतीबिंदू काढल्यावरच कळेल.

आमच्या घराला पडदा हा शब्द नवा नव्हता. आमच्या सासूबाई आनंदाबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, सहा वर्षांपासून पुढच्या खोलीत खाटेवर बसून असतात. साखरेनंच दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले. पाण्याचा पेलासुद्धा हाताला धरून द्यावा लागतो. बाईंनीच ते सगळं केलंय, त्यामुळे पुढं काय वाढून ठेवलंय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याच दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या मयुरी मॅडमनी एक छापील कागद दिला होता. त्यावर ताटाचं चित्र. ताट मोठं नाही, वीतभराचं. अर्ध्या ताटात भाजी आणि काकडी-मुळा, पाव ताटात वरण, उसळ किंवा अंडं, उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाताच्या बाजूला. खाली अदलाबदल लिहिलेली: शेवचिवड्याऐवजी फुटाणे, रसाऐवजी अख्खा पेरू, चहा बिनसाखरेचा. साखरेऐवजी गूळ ही अदलाबदल नव्हे, असं ठळक अक्षरांत होतं. ते वाचून भासऱ्यांचा चेहरा पडला, कारण त्यांनी आदल्याच दिवशी दुकानातून गुळाची भेली घरी आणली होती. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. साखर एकदम उतरून घाम, थरथर सुटली तर लगेच साखर घ्या, असंही होतं.

बाईंनी तो कागद पोथीसारखा पाळला. छोटं ताट काढलं. पालक, वांगं, दोडका अर्ध्यात, वरण पावात, अर्धी भाकरी पावात. जेवायला बसण्याआधी ताट मला दाखवायच्या, "छाया, पाह्य, बराबर हाय ना?" बरोबरच असायचं. मी भाकरीसुद्धा मोजून पाहिली आहे, इतका माझा स्वभाव संशयी.

आणि महिन्यानं तपासली तर जेवणानंतरची साखर तीनशेच्या खाली यायला तयार नाही.

पुढचे तीन महिनेही तेच. भासऱ्यांनी डबे धुंडाळले, देवघरातली खडीसाखरसुद्धा उचलून दुकानात नेली. "शोभे, काऊन लपवून राह्यली? डोया तुयाच जाईन ना!" असं ओरडले. बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मीही बाईंची बाजू घेतली नाही. मला वाटत होतं, ही बाई आपल्या हातानं आंधळी होतेय आणि आम्ही बघत बसलोय. त्यांना धरून हलवावंसं वाटायचं.

एका दुपारी मी आत्याबाईंचं डोकं विंचरत होते. घरात सगळ्यांची जेवणं झाली होती. आत्याबाईंनी एकदम माझा हात धरला.

"ऐकू आलं का?"

"काय आत्याबाई?"

"पळी. मोठी सून पातेलं खरवडून राह्यली. रोज खरवडते. जाय, पाह्य."

मी स्वयंपाकघरात गेले. बाई ओट्याजवळ उभ्या होत्या. भाताच्या पातेल्यात उरलेलं वरण ओतलेलं, आणि त्या हातानं पुसून पुसून खात होत्या. शेजारी माझ्याच पोरांची उष्टी ताटं. त्यांतली अर्धी पोळी, बटाट्याच्या फोडी, भाताचे ढीग त्यांनी एका बाजूला गोळा केले होते. पुढचा घास तिथलाच होता.

"बाई! हे काय?"

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. लपवायचं असतं तर दचकल्या असत्या.

"काय म्हंजे? भांडे घासाले काढून राह्यली."

"तुम्ही जेवून राह्यल्या!"

"हे का जेवण होय? जेवण मंघाशी झालं, तुले दाखवलं ना ताट. हे तं उरलेलं हाय. अन्न का उकिरड्यावर टाकू?"

मला हसावं की रडावं कळेना. बाई खरंच खोटं बोलत नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून रोज दोन वेळा, सगळ्यांचं आटोपलं की पातेली आणि उष्टी ताटं त्यांच्याच पोटात रिकामी होत होती, आणि त्याला जेवण म्हणतात हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. कागदावर ताट होतं. पातेलं नव्हतं.

मयुरी मॅडमना हे सांगताना माझा आवाज चढला होता. त्या बाईंवर मुळीच रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तोंडात जाईल ते सगळं त्या ताटातलंच धरायचं, मावशी. जेवण वेळेवर, सगळ्यांसोबत. आणि उरलेल्याची सोय घरच्यांनी करायची, तुमच्या पोटानं नाही."

बोलणं सोपं. पहिल्या दिवशी बाईंना सगळ्यांबरोबर बसवलं तर त्यांचा घास खाली उतरेना. नजर सारखी पातेल्याकडे. "माय व, एवढा भात राह्यला," म्हणून अर्ध्यातून उठायला लागल्या. भासऱ्यांनी, ज्यांनी आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, उठून पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते फ्रिजमध्ये टाकलं. पोरांना मी दम भरला, ताटात टाकलंत तर संध्याकाळी तेच वाढीन. वाढलंही. दोन दिवस रडारड झाली, मग भात मापात शिजायला लागला.

साखर उतरली, पण सावकाश. दर तपासणीला माझ्या मनात एकच यायचं. इतकी वर्षं पातेली पुसली, मागच्या पडद्याचं व्हायचं ते होऊन तर गेलं नसेल? बाई आत्याबाईंना जेवू घालताना त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहायच्या.

अखेर दोनशेच्या आत आली. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, आत बराच वेळ पाहिलं. बाईंनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठले. पडद्यावर थोडे डाग आहेत, म्हणाले, पण नजर शाबूत आहे. साखर अशीच ठेवा आणि पडदा वेळोवेळी दाखवत राहा.

घरी आल्या आल्या बाई आत्याबाईंच्या पायाशी बसल्या. म्हातारीनं चाचपडत त्यांचा गाल शोधला.

"दिसते का व, शोभा?"

"दिसते, आत्याबाई."

आत्याबाईंचा हात गालावरच राहिला. "मी बी जन्मभर तेच केलं," त्या म्हणाल्या. "माया हातातून पातेलं कोनी घेतलंच नाई."