पूंगोडीअक्कांचा शब्द

कोइम्बतूरच्या आमच्या हॉटेलात पूंगोडीअक्का अठरा वर्षं कंपन्यांशी खोल्यांचे वार्षिक दर ठरवतात. यंदा पंपांच्या कारखान्याचे तंगवेलू करार नव्याने करायला आले. अक्कांनी रात्रीचे बत्तीसशे सांगितले, नाश्ता धरून.

"दराचं राहू द्या अक्का. पंपांच्या प्रदर्शनाच्या आठवड्यात, सगळं शहर भरलेलं असतं तेव्हा, खोल्या देणार का?"

"करारात लिहिलंय की. शेवटची खोली उरली तरी ती तुमची, याच दराने."

"गेल्या वर्षीही लिहिलं होतं. तुमच्या मालकांनी आमच्या खोल्या तिप्पट भावाने विकल्या. आमचे जर्मन पाहुणे माझ्या घरी जमिनीवर झोपले."

अक्कांनी बत्तीसशे खोडून अठ्ठावीसशे लिहिले आणि सही घेतली.

कागद पाहून मालक निर्लज्जपणे म्हणाले, "अक्का, तुम्हाला आता घासाघीस जमत नाही."