खिडकीखालची दोरी

माझ्या भाच्याचं जमत आलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं. घरात सगळे म्हणायचे, मामाची चूक झाली. चूक असती तर बरं झालं असतं.

मी आखातात पंधरा वर्षं एसी बसवले. आता गोव्यात पेडण्याला राहतो आणि मांद्र्याच्या गेस्ट हाऊसांत तेच करतो. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटची जाळी दोन पावसाळ्यांत गंजते, ती घासायची, गॅस भरायचा. हात दुखतात. त्यात बहिणीचा मुलगा आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून थेट तिकडे गेला, लग्न झालं की बायकोलाही नेणार म्हणाला. मला बायकोला कधीच नेता आलं नाही. आमच्या कंपनीच्या खोलीत आठ माणसं झोपत.

डिचोलीचे मुलीकडचे पाहुणे हळर्ण्याला ताईच्या घरी आले, तेव्हा मीही होतो. मुलीच्या वडिलांची शंका एकच होती.

"आमच्या वाड्यावरचा एक असाच पोर्तुगालला म्हणून गेला," ते म्हणाले. "चौकशी केली तर मस्कतमध्ये. त्याची बायको इथेच सासूचे पाय चेपते आहे."

"माझे पाय मीच चेपतंय हो," ताई म्हणाली. सगळे हसले.

तिने मोबाइलवर मुलाचा फोटो उघडला. तो एका चार मजली इमारतीसमोर उभा होता, मागे रिकामा रस्ता, पांढरं ऊन. मुलीच्या वडिलांनी फोन माझ्याकडे दिला. "भाऊ, तुम्ही बाहेर राहिलेले. तुम्हीच सांगा, हा कुठला देश?"

"सांग मरे," ताई म्हणाली. "तुका कळता."

मी फोटो मोठा केला. जवळजवळ प्रत्येक बाल्कनीत एसीचं बाहेरचं युनिट. भर दुपारी खिडक्यांवरची पट्ट्यापट्ट्यांची शटरं खालपर्यंत ओढलेली. मी म्हणालो, "युरोपात थंडी असते. तिथे एवढे एसी कोण लावतो? हे ऊन माझ्या ओळखीचं आहे. हे आखात."

ताईचा चेहरा उतरला. "तो खोटं बोलायचा नाही रे."

तेव्हाच मला दोरी दिसली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली, रस्त्याच्या बाजूला, दोन चाकांवर ताणलेली दोरी आणि तिच्यावर चादरी, बनियन, कुणाचा तरी फुलांचा झगा. मी ज्या शहरात होतो तिथे रस्त्याकडे कपडे वाळत घातले की दंड व्हायचा. आम्ही चड्ड्या खाटेच्या दांड्यावर वाळवायचो. आणि आमच्या इमारतीच्या खिडक्यांना शटरं नव्हतीच. काळी काच असायची, कधी न उघडणारी. हे सगळं मला तिथल्या तिथे आठवलं. पण बोलून झालं होतं, आणि चार माणसं माझ्याकडे जाणकार म्हणून बघत होती. मी फोन परत दिला. चहा प्यायलो.

पाहुण्यांचा नकार आठवड्यात आला. भाच्याला ताईने पत्रिका जुळली नाही म्हणून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. पुढे त्या मुलीचं साखळी गावातल्या मुलाशी लग्न ठरलं.

चतुर्थीत ताईकडे गेलो तर भाच्याचा व्हिडिओ कॉल चालू होता. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे दुपार. त्याची खोली अंधारी.

"काळोखात कित्याक बसलास रे?" ताईने विचारलं.

"ऊन आत येतं गो. थांब." त्याने भिंतीजवळचा पट्टा ओढला. शटरच्या पट्ट्या एकमेकींपासून सुटल्या, मधल्या भोकांतून उजेडाचे ठिपके आले, मग शटर वर गुंडाळत गेलं. "हे बाहेरूनच बंद केलं की काच तापत नाही, मामा. पोर्तुगालच्या या दक्षिणेकडच्या भागात उन्हाळा भारी. एसीही हल्ली सगळे लावतात. पण डिसेंबरात बघ, स्वेटरशिवाय निघवत नाही."

समोरच्या खिडकीत एक म्हातारी चाकावरून दोरी पुढे सरकवत एकेक कपडा चिमटा लावून टांगत होती. फोटोतल्यासारखीच दोरी. "बरं आहे तुझं," एवढंच म्हणालो आणि आरतीला उठलो.

त्यानंतर कुठेही शिडीवरून युनिट टांगताना मला ती दोरी दिसायची. शेवटी एका रविवारी हळर्ण्याला गेलो. ताई अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला म्हटलं, "त्याला फोन लाव. माझ्यासमोर."

"कशाला? झालं गेलं."

"लाव गो."

भाचा स्क्रीनवर आला, हसला. मी त्याला पत्रिकेची गोष्ट खोटी असल्याचं सांगितलं. पाहुण्यांपुढे मी काय बोललो ते सांगितलं. त्याचं हसू गेलं. मग, ताईलाही जे माहीत नव्हतं, ते बोललो.

"दोरी मला दिसली होती. तेव्हाच कळलं होतं, हे आखात नव्हे. तरी मी गप्प बसलो. तू मला न मिळालेलं मिळवलंस, ते मला बघवलं नाही. हे माझ्याकडून चुकून झालं नाही, मी जाणूनबुजून केलं. मला माफ कर, बाबा. ताई, तू पण."